दाराकडे वळणारे पाणी : गॅलरीचा उतार, आउटलेट आणि उंबरा

धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला. त्यामुळे इथे घर बांधताना टाकी किती मोठी करायची यावर जितकी चर्चा होते, तितकी गॅलरीतले पाणी कुठून बाहेर जाणार यावर होत नाही. पण आपल्याकडचा पाऊस वर्षभरात कमी असला तरी तो पडतो झडीने नव्हे, तडाख्याने. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम पट्ट्याने ते पुरेपूर अनुभवले. महसूल खात्याच्या हिशेबाने 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशा साध्या गॅलरीवर तेवढा पाऊस पडला तर 240 लिटर पाणी होते. म्हणजे दोनशे लिटरचा ड्रम भरून वर उरेल इतके. ते बाहेर गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आत आले तर बैठकीतला गालिचा, सोफ्याचे पाय आणि दाराची चौकट, सगळे भिजते.

अशा वेळी बहुतेक घरांत पहिला उपाय दाराशी होतो. चौकटीच्या फटीत सिलिकॉन भरतात, रबराची पट्टी लावतात किंवा उंबऱ्यावर सिमेंटची वळकटी ओढतात. पाणी एक-दोन पाऊस थांबते आणि पुन्हा येते, कारण दार हा या गोष्टीचा शेवट आहे. पाणी दाराशी का आले हे आधी शोधावे लागते.

आधी पाण्याची वाट ओळखा

बैठकीत पाणी तीन वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा असतो.

पहिली वाट उघड आहे. गॅलरीत पाणी साचते, वाढते आणि उंबऱ्यावरून आत येते. पाऊस जोरात असतानाच हे घडते आणि डोळ्यांनी दिसते.

दुसरी वाट उंबऱ्याच्या खालून. उंबऱ्याचा दगड ज्या मालावर बसवलेला असतो तो माल पोकळ असेल, तर पाणी दगडाखालून पाझरते. वरून उंबरा कोरडा दिसतो, पण आतल्या बाजूची पहिली फरशी ओली होते. पाऊस थांबल्यावरही ती तास-दोन तास ओलीच राहते. त्या फरशीवर नाण्याने टकटक केले तर पोकळ आवाज येतो आणि शेजारच्या भिंतीच्या तळाला पांढरा लोणा धरलेला असतो.

तिसरी वाट दाराच्या पट्टीतून. सरकत्या अॅल्युमिनियमच्या दाराला खाली जी पट्टी असते, तिच्या बाहेरच्या अंगाला पाणी निघून जायला बारीक खाचा ठेवलेल्या असतात. आपल्याकडच्या धुळीने त्या बुजतात. कधी फरशी बसवताना मिस्त्रीच सिमेंटने त्या बंद करून टाकतो. मग वाऱ्याने दारावर आपटलेला पाऊस पट्टीत साचून आत सांडतो, गॅलरीचा उतार कितीही चांगला असो. कोरड्या दिवशी त्या पट्टीत तांब्याभर पाणी ओतून पाहा. ते बाहेर न जाता तिथेच उभे राहिले तर बारीक तारेने खाचा मोकळ्या करा. कित्येकांचे काम एवढ्यावरच भागते.

आणखी एक गोष्ट पाहायची ती म्हणजे वरच्या गच्चीचे पाणी. आपल्याकडे दुमजली घरांत गच्चीचा पाइप खालच्या गॅलरीत सोडलेला पुष्कळदा दिसतो. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर वर सांगितलेल्या गॅलरीच्या पंधरापट पाऊस पडतो. ते सगळे पाणी चाळीस चौरस फुटांत उतरले तर कुठलाही उतार आणि कुठलाही उंबरा पुरा पडणार नाही. असा पाइप असेल तर फरशीला हात लावण्याआधी तो थेट खाली जमिनीपर्यंत न्या.

फुटाला एक सूत

उतार पुरेसा आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. मोजावे लागते, आणि मोजायला गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी पुरते. नळीत पाणी भरा आणि आत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करा. मग बैठकीच्या फरशीची पातळी शून्य धरून गॅलरीतल्या सहा-सात जागा त्या पातळीच्या किती खाली आहेत ते खडूने जागच्या जागी लिहा. दाराचा मध्य, दाराकडचे दोन कोपरे, कठड्याकडचे दोन कोपरे, आउटलेटचे तोंड आणि उंबऱ्याचा माथा, एवढ्या जागा घेतल्या की चित्र स्पष्ट होते.

मोजमाप सुतात ठेवा, कारण मिस्त्रीशी बोलणे सुतातच होणार आहे. एका इंचात आठ सूत. फुटाला एक सूत म्हणजे जवळजवळ शंभराला एक असा उतार होतो आणि गॅलरीला हे कमीत कमी हवे. गुळगुळीत टाइल्सवर पाणी तेवढ्यावर वाहते. खडबडीत शहाबादीवर किंवा पाय न घसरणाऱ्या टाइल्सवर फुटाला दीड सूत ठेवा. दोन सुतांपलीकडे नेले तर खुर्ची डुगडुगते, आणि उंचीही विनाकारण खर्ची पडते.

मोजल्यावर एक बादली पाणी दाराशी हळूहळू ओतून पाहा. पंधरा मिनिटांनी जिथे पाणी उभे असेल तिथे खडूने कडा आखा. नळीचे आकडे आणि हे डबके एकमेकांना दुजोरा देत असतील तर निदान पक्के.

उंचीचा हिशेब : एका गॅलरीचे उदाहरण

आपल्या भागात वारंवार दिसणारे एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे घर, पहिल्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड असलेली दहा बाय चारची गॅलरी. मूळची शहाबादी फरशी दाराशी बैठकीपेक्षा दीड इंच, म्हणजे बारा सूत, खाली होती आणि कठड्याकडे आणखी चार सूत उतरत होती. पाण्याचा त्रास नव्हता. मग घराचे नूतनीकरण झाले. शहाबादी काढायचा खर्च वाचवण्यासाठी तिच्यावरच माल टाकून नव्या टाइल्स बसवल्या.

आता नळी धरली तर आकडे असे येतात. दाराचा मध्य चार सूत खाली, कठड्याची कड दोन सूत खाली आणि कठड्याकडच्या उजव्या कोपऱ्यातले आउटलेटचे तोंड तीन सूत खाली. म्हणजे पाणी कठड्याकडून दाराकडे उतरते. आउटलेटपेक्षा दार एक सूत खाली आहे, म्हणून तिथे कायम सुतभर पाणी उभे राहते. हे झाले आउटलेट मोकळे असताना.

आता आउटलेटची जाळी पानांनी बुजली असे समजा. बैठकीच्या पातळीपर्यंत गॅलरीत सरासरी फक्त तीन सुतांची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची जागा आहे. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात ताशी 50 मिलिमीटरचा तडाखा काही काळ टिकणे नवलाचे नाही. त्या वेगाने ही जागा अकरा-बारा मिनिटांत भरते. पश्चिमेचा वारा असला तर भिंतीवर आणि दारावर आपटून खाली येणारे पाणीही त्यात मिळते, आणि वेळ आणखी कमी होतो.

या गॅलरीला दाराशी कितीही रबर लावले तरी उपयोग नाही. तिच्याकडे उंचीच उरलेली नाही. गॅलरीच्या दुरुस्तीत खरी मर्यादा हीच असते. खोलीच्या फरशीपासून गॅलरीच्या स्लॅबपर्यंत जी उंची मिळते, तीतच उंबऱ्याचा पायटप्पा, उतार, माल, टाइल आणि पाइपाचे तोंड हे सगळे बसवायचे असते. एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी पडते. जुन्या घरांत ओसरी खोलीपेक्षा पायरीभर खाली असायची, त्यामुळे हा हिशेब आपोआप सुटायचा. स्लॅबच्या घरांत खोली आणि गॅलरी एकाच पातळीत ओतली जाते आणि हिशेब फरशीच्या जाडीतच सोडवावा लागतो.

उदाहरणातल्या घरात शहाबादी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन इंच आहेत. तेवढे काढले की स्लॅब बैठकीपेक्षा साडेतीन इंच, म्हणजे 28 सूत, खाली मिळतो. त्यातून नवी मांडणी अशी बसते. दाराशी नवी फरशी आठ सूत खाली ठेवायची. तिथून कठड्यापर्यंत चार फुटांना फुटामागे दीड सूत, म्हणजे सहा सूत उतार. कठड्यालगत चार इंच रुंदीची उथळ पन्हळ काढायची आणि ती दहा फुटांत दहा सूत उतरवत आउटलेटला न्यायची. सर्वांत खालची जागा बैठकीपेक्षा 24 सूत खाली येते आणि तरी तिच्या तळाशी पातळ मालाला आणि पाणीरोधक थराला चार सूत उरतात. हिशेब जेमतेम जमतो, पण जमतो. दाराशी पूर्ण इंचभर पायटप्पा परत मिळतो आणि उतार सगळा बाहेरच्या दिशेला होतो.

तुमच्या घरी एवढी उंची निघाली नाही तर सर्वांत आधी पन्हळीचा उतार वाचवा. दोन्ही टोकांना आउटलेट दिले तर पन्हळीला दहाऐवजी पाचच सूत लागतात. दाराशी पायटप्पा मात्र अर्ध्या इंचाच्या खाली जाऊ देऊ नका.

स्लॅबला छिन्नी लावू नका

उंची कमी पडली की एखादा मिस्त्री सुचवतो, "स्लॅबच इंचभर खोदून घेऊ." याला ठाम नकार द्या. बाहेर आलेल्या, खाली आधार नसलेल्या गॅलरीत मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, कारण भार पडल्यावर ताण वरच्या बाजूला येतो. वरून छिन्नी चालवली की नेमक्या त्याच सळ्या उघड्या पडतात किंवा तुटतात. नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त घातक. आउटलेटसाठी भोक पाडायचे असेल तर तेही कठड्याच्या भिंतीतून आडवे पाडा, स्लॅबमधून नको.

उलट बाजूची चूक म्हणजे उतार काढायला जुन्यावर नवा थर चढवणे. चाळीस चौरस फुटांवर दोन इंच सिमेंटचा माल म्हणजे चारशे किलोच्या आसपास वजन. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात माळवदांवर वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीच्या ओझ्याने काय केले, ते या जिल्ह्याला माहीत आहे. लटकत्या गॅलरीवर ओझे वाढवू नये. आधी जुने काढा, मग नवे घाला.

जुनी फरशी काढल्यावर स्लॅब नीट पाहा. दाराच्या रेषेला समांतर, भिंतीलगत आरपार भेग दिसली किंवा गॅलरी बाहेरच्या बाजूला झुकत चालली आहे असे वाटले, तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हा प्रश्न फरशीचा राहिलेला नसतो.

थरांचा क्रम आणि आउटलेट

उताराचा थर आधी, त्यावर पाणीरोधक थर आणि त्यावर टाइल, हा क्रम ठेवा. एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू अशा मालाने आधी उतार काढायचा आणि सात दिवस पाणी मारायचे. तो थर वाळला की सिमेंटमध्ये मिसळायचे पॉलिमरचे रसायन दोन हातांनी, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, लावायचे. उतार नसलेल्या स्लॅबवर हा थर दिला आणि वर मालाने उतार काढला, तर झिरपलेले पाणी मालात अडकून राहते आणि टाइल्सच्या सांध्यांतून पांढरे क्षार वर येतात.

भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा मालाने गोल करून घ्या, कारण काटकोनात हा थर चिरतो. थर भिंतीवर निदान सहा इंच चढला पाहिजे आणि आउटलेटच्या पाइपाच्या तोंडात आतपर्यंत उतरला पाहिजे. बहुतेक गॅलऱ्या गळतात त्या पाइप आणि माल यांच्या सांध्यातूनच. थर वाळल्यावर, टाइल बसवण्याआधी, आउटलेटला गोणपाट कोंबून आणि दाराशी मातीचा तात्पुरता बांध घालून इंचभर पाणी 24 तास उभे करा. खालच्या छताला ओल आली नाही तरच पुढे जा.

पाइप तीन इंची घ्या. जुन्या घरांतली दीड इंची तोटी साध्या पावसाला पुरते, पण कडुनिंबाची पाने, कबुतरांची पिसे आणि कुंड्यांतली माती तिला पुरते की नाही, हा खरा प्रश्न असतो. जाळी सपाट नको, घुमटी हवी. सपाट जाळीवर एक कॅरीबॅग पडली की ती झाकणच होते. जाळीची कड आजूबाजूच्या टाइलपेक्षा दोन सूत खाली बसवा. टाइलच्या बरोबरीने बसवलेली जाळी भोवती कायम डबके धरते. कठड्याबाहेर पाइप निदान सहा इंच पुढे काढा किंवा खाली जोडून न्या. नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळते आणि खालच्याची भिंत ओल धरते.

शिवाय एक जादा भोक ठेवाच. कठड्यात दुसऱ्या टोकाला दोन इंची पाइपाचा तुकडा बसवा आणि त्याचा तळ उंबऱ्याच्या माथ्यापेक्षा निदान एक इंच खाली ठेवा. आपल्या उदाहरणात उंबऱ्याचा माथा बैठकीच्या चार सूत वर येतो, म्हणून या भोकाचा तळ बैठकीपेक्षा सहा सूत खाली ठेवला तर तो उंबऱ्यापासून सव्वा इंच खाली आणि कठड्याकडच्या फरशीपासून इंचभर वर येतो. एरवी ते कोरडे असते. मुख्य आउटलेट बुजले की पाणी आधी तिथून बाहेर पडते, बैठकीत शिरत नाही. त्यातून पाणी पडताना दिसले की समजायचे, जाळी साफ करायची वेळ झाली.

उंबरा

नवा उंबरा ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा सलग एका तुकड्याचा घ्या. सांधा असलेला उंबरा सांध्यातच गळतो. माथा बैठकीच्या फरशीपेक्षा अर्धा इंच वर ठेवा. त्याहून उंच केला तर घरातल्या वृद्धांना ठेच लागते. घरात चाकाची खुर्ची असेल तर उंबरा उचलू नका. त्याऐवजी दारासमोर जाळीची पन्हळ द्या आणि तिचे पाणी वेगळ्या पाइपाने बाहेर काढा.

उंबऱ्याचा माथा बाहेरच्या बाजूला दोन सूत उतरता हवा आणि दगड गॅलरीच्या बाजूला इंचभर पुढे आलेला हवा. पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्धा इंच आत, दगड कापणाऱ्याकडून एक बारीक खाच मारून घ्या. ती नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकते आणि खाच असली की तिथेच थेंब होऊन खाली पडते.

खालून पाझरणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त उंबरा बसवण्याआधीच होतो. जुना दगड काढल्यावर गॅलरीतला पाणीरोधक थर दाराच्या जागेतही उभा चढवून बैठकीच्या पातळीपर्यंत आणा आणि मग त्यावर पूर्ण माल भरून दगड बसवा. चार कोपऱ्यांना मालाचे गोळे ठेवून दगड टेकवू देऊ नका. चौकटीच्या दोन्ही पायांशी, उंबरा आणि भिंत मिळतात तिथे, थर नीट वळला आहे ना हे स्वतः पाहा. लाकडी चौकट असेल तर तिचा पाय दगडावर टेकायला हवा, मालात पुरलेला नको. पुरलेला पाय पाणी शोषतो, फुगतो आणि दार अडकते.

आत्ता पाऊस चालू असेल तर

पावसाळ्यात फरशी उखडू नका. ओल्या भिंतीवर रसायन धरत नाही, ओल्या दगडाला सिलिकॉन चिकटत नाही. तोवर एवढेच करा. आउटलेटची जाळी रोज संध्याकाळी पाहा. कुंड्या पाण्याच्या वाटेतून हलवा. गच्चीचा पाइप गॅलरीत असेल तर त्याला लवचिक नळी जोडून पाणी कठड्याबाहेर काढा. दाराशी बांध घालायचा असेल तर आधी पाणी बाहेर जायची सोय करा. नुसता बांध पाणी अडवतो आणि ते बांधाच्या बाजूने भिंतीत शिरते.

हा पावसाळा मोजमापासाठी वापरा. कुठे साचते, किती वेळात आत येते, कोणत्या दिशेचा वारा असताना येते, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा भिंती सुकलेल्या असतात, पाणी मारायला विहिरी-बोअरला पाणी असते आणि ऊन मालाला चिरा पाडण्याइतके कडक नसते. मे महिन्यात घाईने केलेला उताराचा थर पाण्याअभावी तडकतो आणि जूनमध्ये तीच गळती पुन्हा दिसते.

पैसे देण्याआधी

काम ठरवतानाच कागदावर चार आकडे लिहून घ्या. दाराशी फरशी बैठकीपेक्षा किती सूत खाली, कठड्याशी किती, आउटलेटचे तोंड किती आणि जादा भोक किती. पाणी उभे करून पाहण्याची अटही तिथेच लिहा. उताराचा थर झाल्यावर, टाइल बसण्याआधी, नळीने हे आकडे स्वतः तपासा, कारण टाइल बसल्यावर चूक दुरुस्त करणे म्हणजे पुन्हा सगळे उखडणे.

सगळे झाल्यावर दाराशी दोन बादल्या पाणी एकदम ओता. ते न थांबता कठड्याकडे गेले पाहिजे आणि दहा मिनिटांनी फरशीवर ओलीशिवाय काही उरता कामा नये. मग आउटलेटला कापड कोंबून पुन्हा ओता आणि जादा भोकातून पाणी बाहेर पडेपर्यंत ओतत राहा. उंबऱ्याच्या आतली फरशी हाताने चाचपा. ती कोरडी लागली की शेवटचा हप्ता द्या.